पऱ्हाटी, चुनखडी आणि सात-बारा: नागपूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीचं कार्बन क्रेडिट प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून गावांची नावं गाळली आहेत आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. क्रम आणि निर्णय जसेच्या तसे आहेत.)

पार्श्वभूमी

नागपूरच्या पश्चिमेला हिंगणा-कळमेश्वर पट्ट्यात कापूस-तुरीवर चालणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद सहाशेच्या वर. बहुतेकांकडे तीन-चार एकर कोरडवाहू वावर, क्वचित कुणाची विहीर. कंपनी खतं-बियाणं एकत्र घेते, तुरीची डाळ करून विकते. शेतीविषयक सल्लागार म्हणून मी तिच्या बैठकांना बसत असे, म्हणून हे प्रकरण जवळून पाहता आलं.

२०२३ च्या दिवाळीनंतर एका कार्बन प्रकल्प कंपनीची माणसं गावात फिरू लागली. गावाने त्यांना लगेच ‘कार्बनवाले’ करून टाकलं, इथेही तेच नाव वापरतो. त्यांचं म्हणणं असं: वेचणी संपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळू नका, श्रेडरने कुटून मातीत मिसळा, खोल नांगरटी कमी करा, शेणखत वाढवा. मातीत कार्बन साठेल, तो मोजून क्रेडिट तयार होतील आणि विकून आलेल्या पैशात तुमचा वाटा. पत्रकावर छापलं होतं, ‘एकरी एक ते दोन क्रेडिट’. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड.

वेळही जुळून आली होती. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या स्वैच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. गावात त्याचा अर्थ ‘सरकारी योजना आली’ असा घेतला गेला. तसं नव्हतं. हा प्रकल्प व्हेरा या खासगी संस्थेच्या नोंदवहीत, तिच्या व्हीएम ००४२ या कार्यपद्धतीखाली जाणार होता. पैसे कुठल्या खात्यातून येणार नव्हते, क्रेडिट विकलं गेलं तरच येणार होते.

३४० सभासदांनी तयारी दाखवली. मिळून साधारण १,३३० एकर.

अडचण कशी उघडी पडत गेली

पहिली चाळणी इतिहासाची होती. प्रकल्प सुरू होण्याआधीची किमान तीन वर्षं वावरात काय केलं, हे प्रत्येकाने सांगायचं होतं, कारण क्रेडिट मिळतं ते बदलाचं. जो आधीपासून जाळत नव्हता त्याने काहीच बदललं नाही, म्हणून तो बाद. शिवाय ती पद्धत त्या भागात सर्रास रुजलेली नाही, हेही दाखवावं लागतं.

याच चाळणीत पहिला भडका उडाला. एका गावात चाळीसेक जणांचा गट बरीच वर्षं पऱ्हाटीचं कंपोस्ट करत होता. त्यांना सांगितलं, तुम्ही पात्र नाही. त्यांच्यातले एक काकाजी भर बैठकीत म्हणाले, “म्हणजे ज्यानं जाळलं त्याले पैसे, अन् आमी शहाणे निघालो त मूर्ख ठरलो.” कार्बनवाल्यांच्या स्थानिक मुलाने हळूच सुचवलं की फॉर्मवर ‘जाळतो’ असं लिहून टाका, कोण बघतं. इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. संचालक मंडळाने नाही म्हटलं. नीतीच्या जोडीला व्यवहारही होता: जळालेलं वावर उपग्रहाच्या जुन्या चित्रांत काळं दिसतं, आणि खोटी माहिती लेखापरीक्षणात सापडली तर एकट्याचं नाही, सगळ्या गटाचं नाव जातं.

दुसरी चाळणी कागदाची. ज्याच्या जमिनीवर कार्बन साठतो त्याचा त्यावर हक्क आहे, हे सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे त्याचा पुरावा म्हणजे सात-बारा. इथे जितकी माणसं गळाली तितकी दुसऱ्या कुठल्याच टप्प्यावर गळाली नाहीत. कुणाचा सात-बारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, वारस नोंदीचा फेरफार झालेलाच नाही. कुणाचं खातं सामायिक, त्यातला एक भाऊ पुण्याला आणि एक बहीण सही द्यायला तयार नाही. काहींनी वावर मक्त्याने केलेलं, तेही तोंडी. कसणारा एक, नाव दुसऱ्याचं, आणि मालक म्हणतो, माझ्या सात-बाऱ्यावर कसली बोजाबिजा नोंद नको. शहराजवळच्या दोन गावांतल्या लोकांनी तर स्वतःहूनच पाय काढला. लेआऊटवाले केव्हाही दारात येतील, मग दहा-वीस वर्षांच्या कराराला कोण बांधून घेईल?

तिसरी चाळणी धुऱ्याची. प्रत्येक वावराची हद्द मोबाइलवर चालून नोंदवायची होती. वाटण्या होऊन काही वावरांच्या लांबलचक पट्ट्या झाल्या आहेत. बारा मीटर रुंद आणि तीनशेहून जास्त मीटर लांब असा एकरभराचा तुकडा डोळ्यासमोर आणा. नांगरट आणि पीक पाहायला जी मोफत उपग्रह चित्रं वापरतात त्यांचा एक ठिपका दहा मीटरचा असतो. म्हणजे या पट्टीच्या रुंदीत एकच ठिपका मावतो, आणि त्यातही शेजाऱ्याचं वावर मिसळलेलं. अशा वावरात काय झालं हे वरून सांगता येत नाही. माणूस पाठवावा लागतो, आणि माणसाला खर्च येतो.

सगळं झाल्यावर १९७ शेतकरी आणि ७४० एकर, म्हणजे ३०० हेक्टर उरले.

माती मोजणं म्हणजे नेमकं काय

मे २०२४ मध्ये नमुने घ्यायला गाडी आली. १९७ जणांच्या वावरांपैकी फक्त १८ ठिकाणी खोदणार, असं कळल्यावर पुन्हा गोंधळ. “माह्या वावरात खड्डाच नाही त माह्या मातीचा हिशेब कसा?” हा प्रश्न रास्त होता. उत्तर असं की हिशेब एकेका वावराचा होतच नाही. सारख्या प्रकारच्या जमिनींचे गट पाडतात, गटाची सरासरी काढतात आणि तीच सगळ्यांना लागू करतात. आपले १८ खड्डे हे वर्धा, यवतमाळपर्यंत पसरलेल्या एका मोठ्या गटाचा भाग होते. याचा एक परिणाम कुणी स्पष्ट सांगत नाही: वावरात जास्त राबलात म्हणून तुम्हाला जास्त मिळेलच असं नाही.

मोजायचं काय तर वरच्या ३० सेंटीमीटर मातीतला सेंद्रिय कार्बन. त्यासाठी दोन आकडे लागतात, मातीत कार्बन किती टक्के आणि त्या थरात माती किती टन. दुसऱ्या आकड्याकडे आपलं लक्ष जात नाही, पण घोळ तिथेच होतो. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. नळी ठोकली की कधी भेगेत सुटायची, कधी वीस-बावीस सेंटीमीटरवर कडक थराला अडायची, आणि पोरं दोन पावलं सरकून पुन्हा ठोकायची. आकसलेल्या मातीत त्याच ३० सेंटीमीटरमध्ये जास्त माती बसते. पुढचा नमुना ओलीत घेतला तर कमी बसेल, आणि कागदावर कार्बन घटलेला दिसेल. कार्यपद्धतीत यावर उपाय आहे, सारख्या खोलीऐवजी सारख्या वजनाच्या मातीची तुलना करायची. पण त्यासाठी पहिल्याच फेरीत वजन आणि ओल नीट नोंदलेली हवी.

आता बदल किती अपेक्षित आहे ते पाहू. एका हेक्टरात वरच्या ३० सेंटीमीटरमध्ये साधारण ३,९०० टन माती धरा. त्यात अर्धा टक्का सेंद्रिय कार्बन म्हणजे साडेएकोणीस टन. कोरडवाहू कापसाच्या वावरात पऱ्हाटी, शेणखत, कमी नांगरट असं सगळं नीट केलं तर वर्षाला हेक्टरी पाव टन कार्बन वाढेल असं मी धरलं. हाही आकडा आशावादीच, कारण मातीत घातलेल्या पाल्यापाचोळ्यातला बहुतेक कार्बन सूक्ष्मजीव खाऊन हवेत सोडून देतात. एवढ्या वाढीने टक्का किती बदलला? ०.५०० वरून ०.५०६. प्रयोगशाळेतल्या एकाच मातीच्या दोन चाचण्यांत याहून जास्त फरक पडतो. म्हणून दर वर्षी मोजण्यात अर्थ नसतो. मधली वर्षं संगणकीय प्रतिमान अंदाज देतं आणि निदान पाच वर्षांतून एकदा पुन्हा माती काढून तो अंदाज तपासावा लागतो.

पाच वर्षांत हेक्टरी सव्वा टन वाढ. पण एकाच गटातल्या दोन खड्ड्यांत मुळातच पाच-पाच टनांचा फरक असतो. तीस खड्डे घेतले तर मोजमापातली चूक जवळजवळ त्या वाढीएवढीच येते, म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. शंभरेक घेतले तर चूक पाऊण टनाच्या आत येते. लहान गट मागे का पडतात याचं मूळ इथे आहे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भांडं लहान आहे म्हणून शितं कमी घेऊन भागत नाही. किती खड्डे लागतील हे जमिनीच्या आकारावर नाही, तिच्यातल्या फरकावर ठरतं. ३०० हेक्टरला शंभर लागत असतील तर तशाच जमिनीच्या १०,००० हेक्टरलाही जवळपास तेवढेच लागतील. एका खड्ड्याचा सगळा खर्च दोन हजार धरला, तर लहान गटाला हेक्टरी ६६७ रुपये पडतात आणि मोठ्याला वीस.

चुनखडीचा प्रश्न

जुलैत प्रयोगशाळेचे आकडे आले. कार्बनवाल्यांनी ते बैठकीत पडद्यावर दाखवले, कारण त्यांना ते चांगले वाटत होते. एका शेतकऱ्याने खिशातून घडी केलेली मृद आरोग्य पत्रिका काढली. “साहेब, माह्या कार्डावर सेंद्रिय कार्बन ०.४८ हाये, तुमच्या कागदावर १.३१. दोन वर्षांत माती एवढी सुधरली का?”

पडद्यावरच्या माणसाकडे उत्तर नव्हतं. मला शंका आली ती चुनखडीची. आपल्या काळ्या जमिनीत चुना असतो, खणलं की पांढरे खडे दिसतात. चुन्यात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये, वजनाच्या १२ टक्के कार्बन असतो. मृद आरोग्य पत्रिकेसाठीची चाचणी रासायनिक असते, तिच्यात हा चुन्याचा कार्बन धरला जात नाही. मोठ्या प्रयोगशाळेत मात्र माती भट्टीत जाळून निघालेला सगळा वायू मोजतात, आणि त्या तापमानाला चुनाही फुटतो. मातीत सात टक्के चुना असेल तर ०.८४ टक्के कार्बन फुकटचा मोजला जातो. ०.४८ मध्ये ०.८४ मिळवा, १.३१ च्या आसपासच येतं.

बैठक संपल्यावर आम्ही त्या शेतकऱ्याच्या वावरातलं एक ढेकूळ आणलं आणि कृषी केंद्रातून मागवलेलं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल त्यावर टाकलं. ढेकूळ सोड्यासारखं फसफसलं. सेंद्रिय कार्बन असा फसफसत नाही.

यात धोका कुणाला होता, हे समजून घ्यायला हवं. सुरुवातीचा आकडा चुन्यासकट १.३१ नोंदला गेला असता आणि पाच वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेने चुना काढून मोजलं असतं, तर वाढ सोडाच, निम्म्याहून जास्त कार्बन नाहीसा झाल्यासारखं दिसलं असतं. उलट झालं असतं, तर शेतकऱ्याने काही न करता क्रेडिटचा पाऊस पडला असता आणि लेखापरीक्षकाने सगळा गट बाजूला काढला असता. दोन्ही वेळा एकाच पद्धतीने चुन्यासकट मोजलं तरी भागत नाही, कारण चुना दर पावलाला कमी-जास्त असतो आणि त्या गोंगाटात ०.०३ टक्क्यांची वाढ हरवून जाते.

कार्बनवाल्यांनी आधी टाळाटाळ केली, मग मान्य केलं. प्रयोगशाळेकडे उरलेली माती होती. तिच्यावर आम्लाची प्रक्रिया करून पुन्हा चाचणी झाली आणि १८ ठिकाणांची सरासरी ०.५२ आली. जमिनीचे गट पाडतानाही याच वेळी दुरुस्ती झाली. त्यांच्या नकाशात भारी काळी आणि टेकडीलगतची बरड एकाच रंगात होती. ती वेगळी करून घेतली.

नागपुरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. काळ्या मातीतल्या चुन्याबद्दल देशात सगळ्यात जास्त माहिती ज्या शहरात आहे, त्याच्या वेशीवर हा प्रश्न एका शेतकऱ्याच्या खिशातल्या कार्डामुळे उघडा पडावा, याची मला अजून गंमत वाटते.

हिशेब आणि पर्याय

करारावर सह्या ऑगस्टमध्ये व्हायच्या होत्या. त्याआधी आम्ही संचालक मंडळापुढे एकराचा हिशेब फळ्यावर मांडला.

हेक्टरी पाव टन कार्बन म्हणजे ०.९२ टन कार्बन डायऑक्साइड, एकरी ०.३७. त्यातून मोजमापाच्या अनिश्चिततेपोटी काही क्रेडिट कापले जातात. काही राखीव साठ्यात जातात, कारण उद्या कुणी जमीन पुन्हा खोल नांगरली तर साठलेला कार्बन निसटतो. दोन्ही कपाती वीस-वीस टक्के धरल्या तर एकरी ०.२४ उरतं. कार्बनवाल्यांनीच गृहीत धरलेला भाव १,२०० रुपये. म्हणजे एकरी २८५ रुपये, आणि करारातल्या ६० टक्के वाट्याने शेतकऱ्याला सुमारे १७० रुपये वर्षाला. तीन एकरवाल्याला पाचशेच्या आसपास, तेही पहिली पडताळणी झाल्यावर.

पत्रकावरचे एकरी एक-दोन क्रेडिट कुठून आले? विचारल्यावर कळलं की लोकांची समजूत आणि पत्रकाची भाषा एकमेकींना पूरक होत्या. पऱ्हाटी जाळली की धूर निघतो, तो थांबवला म्हणजे तेवढे टन वाचले, असं सगळ्यांना वाटत होतं. हिशेबात तसं नसतं. जळणाऱ्या पिकातला कार्बन डायऑक्साइड त्या पिकाने त्याच हंगामात हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो धरत नाहीत. धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा धरतात, आणि तो थोडा असतो.

खर्चाची बाजूही मांडली. श्रेडरचं भाडं एकरी १,३०० रुपये. ‘नाहीतरी पऱ्हाटी उपटायला मजुरी लागतेच’ असं कार्बनवाले म्हणत. पण आमच्याकडे बऱ्याच गावांत मजूर बायका पऱ्हाटी फुकट उपटून देतात आणि सरपणाला घेऊन जातात. रोख एक रुपया लागत नाही. श्रेडर आला की शेतकऱ्याचा खर्च वाढतो आणि त्या बायकांची चूलही अडते. पत्रकात या बायका कुठेच नव्हत्या.

पुढे चार वाटा होत्या. आहे तसा करार करायचा. किंवा मधला दलाल नको म्हणून उत्पादक कंपनीने स्वतःचा प्रकल्प उभारायचा. तरुण संचालकांना हा पर्याय फार आवडला होता, पण फळ्यावर तो पाच मिनिटांत पडला: ३०० हेक्टर, पाच वर्षं, हेक्टरी ०.५९ क्रेडिट म्हणजे ८८५ क्रेडिट, किंमत साडेदहा लाख. कार्बनवाल्यांच्याच अंदाजपत्रकात बाहेरच्या लेखापरीक्षकाचा एका फेरीचा खर्च पंचवीस लाखांच्या वर होता. तिसरी वाट, अटी बदलून मोठ्या प्रकल्पात सामील व्हायचं. चौथी, कार्बनचा नाद सोडून फक्त श्रेडरची सोय करायची.

मंडळाने तिसरी आणि चौथी एकत्र केली. मतं एकमुखी नव्हती. अध्यक्षांचं म्हणणं होतं की वर्षाच्या १७० रुपयांसाठी सात-बाऱ्याच्या सह्या देणं हाच मूर्खपणा आहे. दुसरे म्हणाले, मातीची एवढी महागडी मोजणी कुणी फुकट करून देतंय तर करू द्या, फक्त बांधून घेऊ नका.

काय केलं

करारातल्या चार गोष्टींवर भांडलो. मूळ मसुद्यात ६० टक्के वाटा ‘प्रकल्प खर्च वजा जाता’ होता. खर्च किती हे तेच ठरवणार, म्हणजे ६० टक्के कशाचे हेच माहीत नाही. तो विक्रीच्या पूर्ण रकमेवर घेतला. दुसरं, कुणी मध्येच बाहेर पडला तर मिळालेले पैसे परत करायची अट काढली. जमीन विकली किंवा वाटणी झाली तर पुढचे पैसे बंद, मागचे परत नाहीत. तिसरं, पहिली तीन वर्षं एकरी २५० रुपये आगाऊ. ते पुढच्या क्रेडिटमधून वळते होतील, पण क्रेडिट आलेच नाहीत तर वसुली नाही. चौथं, कराराची मराठी प्रत आणि प्रत्येक नमुन्याच्या मातीचा एक डबा आमच्या गोदामात. चुनखडीच्या प्रकारानंतर या शेवटच्या अटीला ते नाही म्हणू शकले नाहीत.

श्रेडर मात्र उत्पादक कंपनीने घेतला, अवजार बँकेसाठी. सभासदाला एकरी ९०० रुपये, कार्बन प्रकल्पात असो वा नसो. ते कंपोस्टवाले काकाजी पहिल्या आठवड्यातच नंबर लावून गेले. सरपणाबाबत तडजोड अशी झाली की धुऱ्यालगतच्या चार ओळी कुटायच्या नाहीत, त्या बायकांनी न्यायच्या. हे प्रकल्पाच्या नोंदीत तसंच लिहिलं, आणि तेवढं क्षेत्र वजा केलं.

निष्पन्न

दोन हंगाम झाले. १९७ पैकी १६० च्या आसपास टिकून आहेत. गळालेल्यांत बरेच फरदडवाले, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच झाडं ठेवून आणखी कापूस घेणारे. शेवटची वेचणी झाल्यावर जानेवारीअखेर वावर मोकळं करायची अट आहे, पण भाव चढला की माणूस पाणी देऊन फरदड ठेवतो आणि मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी राहते. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभागही फरदड नको म्हणतो. तरी हातातला पैसा हातातला असतो.

आगाऊ रक्कम दोनदा जमा झाली. क्रेडिट अजून एकही निघालेलं नाही, पहिली पडताळणी व्हायची आहे.

एक तक्रार मिटवायला फार वेळ गेला. एका शेतकऱ्याच्या वावरावर ‘आग’ अशी खूण आली आणि त्याचे पैसे थांबले. त्याने जाळलं नव्हतं, पलीकडच्याने जाळलं होतं. आगी टिपणाऱ्या उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, म्हणजे जवळपास १४ हेक्टर जमीन एकाच खुणेत. त्यात आमचे आठ-दहा सभासद सहज मावतात. ठिकाण आणि तारीख असलेला कुटलेल्या वावराचा फोटो होता म्हणून तो सुटला. आता श्रेडर चालवणारा प्रत्येक वावराचा काम झाल्यावर फोटो काढतो, ९०० रुपयांत तेही येतं.

वेगळं काय करता आलं असतं

वारस नोंदींची मोहीम आधी घ्यायला हवी होती. फेरफाराला महिने लागतात आणि नावनोंदणीची मुदत आठवड्यांची असते. कार्बन राहू द्या, पीककर्ज आणि नुकसानभरपाईलाही तोच कागद आडवा येतो.

नमुने मे महिन्यात घेऊ द्यायला नको होते. शेवटच्या वेचणीनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, जमिनीत थोडी ओल असते, भेगा कमी असतात, नळी सरळ जाते. कार्बनवाल्यांची गाडी मेमध्ये मोकळी होती, एवढंच कारण होतं. आता दुसरी फेरीही मेमध्येच घ्यावी लागेल, नाहीतर तुलना बिघडेल.

आम्लाची बाटली पहिल्याच बैठकीला हवी. विदर्भातल्या कुठल्याही गटाने सही करण्याआधी लेखी विचारावं: प्रयोगशाळा चुन्याचा कार्बन वेगळा काढणार का, कोणत्या पद्धतीने, आणि पाच वर्षांनी हीच पद्धत राहील याची हमी कोण देतो. सोबत स्वतःच्या मृद आरोग्य पत्रिकेवरचा आकडा ठेवावा. दोन्हींत थोडा फरक चालतो, दुप्पट-अडीचपट चालत नाही.

कंपोस्टवाल्या चाळीस जणांचं काय, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. कार्यपद्धतीच्या तर्काने ते बाहेरच राहतील. मंडळात सूचना अशी आहे की क्रेडिटचे पैसे आले तर उत्पादक कंपनीला मिळणाऱ्या सेवाशुल्कातून त्यांचं श्रेडरभाडं माफ करायचं. १६० जणांपैकी काहींचा त्याला विरोध आहे, आणि पुढच्या वार्षिक सभेत त्यावर मतदान आहे.